सिममधून जाणारी वर्गणी अडते कुठे?



आज आपण पिकावरच्या रोगाविषयी बोलणार नाही, मोबाईलमधून कापल्या जाणाऱ्या वर्गणीविषयी बोलणार आहोत. बाजारभावाचा, हवामानाचा किंवा पीकसल्ल्याचा संदेश रोज येत असतो आणि ऐन हंगामात एके दिवशी बंद पडतो. घरचे म्हणतात, "परवाच तर रिचार्ज मारला, मग बंद कसा झाला?" हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून हिंगोलीच्या किंवा वसमतच्या बाजारात न्यायची वेळ असते आणि नेमका तेव्हाच भाव कळायचा बंद होतो. ही अडचण बहुतेक वेळा दोनच कारणांनी येते. एक, सिममध्ये लागेल तेवढी शिल्लक नसते. दोन, शिल्लक असते पण मोबाईल कंपनीने त्या क्रमांकावर वसुलीची वाट अडवलेली असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते, उपाय मात्र निराळे आहेत. म्हणून आधी कारण ओळखायचे आणि मग पैसे टाकायचे.

अशा सेवा आपल्याकडे नव्या नाहीत. नोकिया कंपनीने 'नोकिया लाईफ टूल्स' नावाची सेवा २००८ साली प्रथम महाराष्ट्रात करून पाहिली आणि २००९ साली देशभर सुरू केली. त्यात शेतीसाठी दोन वर्गण्या होत्या. महिना ३० रुपयांत हवामान, बातम्या आणि सल्ला मिळे. महिना ६० रुपयांत त्याशिवाय शेतकऱ्याने निवडलेल्या तीन पिकांचे जवळच्या बाजारातले भाव मिळत. ही सेवा पुढे बंद झाली. त्याच काळात, २००७ साली, 'रॉयटर्स मार्केट लाईट' ही सेवाही महाराष्ट्रातच सुरू झाली होती. तिची कार्डे विकत मिळत. कार्डाचे पैसे एकदा दिले की तेवढ्या महिन्यांची वर्गणी आधीच भरलेली असे. या दोन रीतींमधला फरक ध्यानात घ्या. कार्डाच्या रीतीत पैसे आधीच वाजवून दिलेले असतात, त्यामुळे मुदतीत सेवा शिलकीअभावी तुटत नाही. सिममधून कापण्याच्या रीतीत मात्र दर महिन्याला ठरल्या दिवशी सिममध्ये पैसे सापडावे लागतात. नाही सापडले तर सेवा थांबते.

आता ही वसुली कशी होते ते पाहू. तुमच्या वर्गणीचा दिवस आला की सेवा देणारा मोबाईल कंपनीच्या यंत्राला विचारतो, "या क्रमांकावरून ३० रुपये घेऊ का?" ते यंत्र तीन गोष्टी तपासते. सिम चालू आहे का आणि त्याची मुदत शिल्लक आहे का, ही पहिली. या क्रमांकावर अशी वसुली करायला परवानगी आहे का, ही दुसरी. आणि मुख्य शिलकीत पूर्ण ३० रुपये आहेत का, ही तिसरी. तिन्हींचे उत्तर 'हो' आले तरच पैसे कापले जातात. एकाचेही उत्तर 'नाही' आले तर वसुली फसते. ३० च्या जागी २९ रुपये ९० पैसे असले तरी उत्तर 'नाही' असेच येते.

येथे 'मुख्य शिल्लक' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण बहुतेकांचा घोळ याच ठिकाणी होतो. आपण दुकानात जाऊन २८ दिवसांचा किंवा ८४ दिवसांचा अमर्याद बोलण्याचा पॅक मारतो आणि "बॅलन्स टाकला" असे म्हणतो. खरे म्हणजे बॅलन्स टाकलेला नसतो. पॅक म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी. पाळीचे पाणी ठरलेल्या दिवसांत शेताला मिळते, पण ते काही आपल्या विहिरीत साठत नाही. मुख्य शिल्लक ही आपली विहीर. वर्गणी विहिरीतून उपसली जाते, पाळीच्या पाण्यातून नाही. बहुतेक अमर्याद पॅकांमध्ये मुख्य शिलकीत एक पैसाही जमा होत नाही. त्यामुळे तीनशे रुपयांचा पॅक मारलेल्या सिममध्ये वर्गणीसाठी शून्य रुपये असू शकतात, आणि तरी त्याच फोनवरून तासन्‌तास बोलता येते. फोन चालतो म्हणजे शिल्लक आहे, असे समजू नका.

शिल्लक वाढवायची तर 'टॉप-अप' घ्यावा लागतो. दुकानदाराला "पॅक नको, टॉकटाईम टाका" असे स्पष्ट सांगावे. टॉप-अपमध्येही दिले तेवढे सगळे जमा होत नाही. आडतीवर हळद विकली की हमाली, तोलाई वजा होऊनच पट्टी हातात येते ना, तसेच येथेही आहे. आधी १८ टक्के जीएसटी निघतो, मग कंपनीचे प्रक्रिया शुल्क निघते. हे शुल्क टॉप-अपच्या किमतीच्या दहा टक्के किंवा तीन रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढे घेता येते. हिशेब असा पडतो :

१० रुपयांच्या टॉप-अपवर ७ रुपये ४७ पैसे जमा होतात.
२० रुपयांवर १४ रुपये ९५ पैसे.
५० रुपयांवर ३९ रुपये ३७ पैसे.
१०० रुपयांवर ८१ रुपये ७५ पैसे.

आता ३० रुपयांच्या वर्गणीसाठी किती टाकावे? सिम रिकामे असेल आणि कोणी २० चे दोन टॉप-अप टाकले, तर ४० रुपये खर्चूनही जमा होतात २९ रुपये ९० पैसे. दहा पैसे कमी पडले म्हणून वर्गणी फसते. तेच ५० चा एक टॉप-अप घेतला तर वर्गणी जाऊन नऊ रुपये उरतात. वर्गणी ६० रुपयांची असेल तर ५० चा एक आणि २० चा एक मिळून ५४ रुपये ३२ पैसेच होतात, ते पुरत नाहीत. तेथे १०० चाच टॉप-अप लागतो, नाहीतर ५०, २० आणि १० असे तीन टॉप-अप घ्यावे लागतात. म्हणून वर्गणीच्या आकड्याइतके पैसे टाकू नका, टॉप-अपमधून जमा किती होते तो आकडा पाहून टाका.

एक उदाहरण तारखांसह मांडतो, म्हणजे सगळे उलगडेल. समजा, सेनगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५ एप्रिलला हळदीच्या भावाची ३० दिवसांची, ३० रुपयांची सेवा घेतली. त्या दिवशी मुख्य शिलकीत ४६ रुपये ८० पैसे होते. ३० गेले आणि १६ रुपये ८० पैसे उरले. १४ एप्रिलला त्याने ८४ दिवसांचा पॅक मारला. मुख्य शिल्लक १६ रुपये ८० पैसेच राहिली. ५ मेला वर्गणीचा दिवस आला. ३० मागितले, पण तेवढे नव्हते.

आता येथे दोन प्रकार घडू शकतात. काही सेवा सरळ थांबतात आणि पुढचे काही दिवस रोज पुन्हा पुन्हा विचारणा करतात. शेतकऱ्याने मध्येच २० चा टॉप-अप टाकला की शिल्लक ३१ रुपये ७५ पैसे होते, आणि पुढच्या विचारणेला त्यातले ३० निघून जातात. त्याला वाटते, "आत्ता टाकलेले पैसे उडाले." पैसे उडालेले नसतात, तुंबलेली वर्गणी वसूल झालेली असते. टॉप-अप बाजारातून एखादा फोन करण्यासाठी घेतला असेल, तर मात्र त्या वेळी अडचण होते.

दुसऱ्या प्रकारच्या सेवा शिल्लक अपुरी दिसली की छोटा हप्ता घेतात. समजा तिचा सात दिवसांचा हप्ता १० रुपयांचा आहे. ५ मेला १० रुपये गेले, ६ रुपये ८० पैसे उरले आणि सेवा १२ मेपर्यंत चालली. ९ मेला शेतकऱ्याने २० चा टॉप-अप टाकला, शिल्लक २१ रुपये ७५ पैसे झाली. १२ मेला पुन्हा ३० मागितले, नव्हते, म्हणून १० घेतले. १९ मेला आणखी १० गेले. २६ मेला १ रुपया ७५ पैसे उरले होते, म्हणून सेवा बंद पडली. म्हणजे २१ दिवसांची सेवा ३० रुपयांत मिळाली, जी पूर्ण शिल्लक असती तर त्याच पैशांत ३० दिवस चालली असती. सुट्या हप्त्यांत सेवा महाग पडते, ते असे.

आणखी एक गळती उसन्या बॅलन्सची असते. रात्री-अपरात्री गरज पडली म्हणून आपण कंपनीकडून दहा रुपये उसने घेतो आणि विसरून जातो. पुढचा टॉप-अप पडला की कंपनी आधी आपली उसनवारी आणि तिचा आकार कापून घेते, मग उरलेली रक्कम आपल्या नावावर दिसते. ऊसतोडीची उचल आधी फिटते आणि मग मजुरी हातात पडते, तोच प्रकार. उसने घेतलेले असेल तर तेवढी रक्कम धरून टॉप-अप मोठा घ्यावा.

एवढे करूनही वर्गणी जात नसेल, तर दुसऱ्या कारणाकडे वळावे लागते, म्हणजे अडवणुकीकडे. ओळखायची खूण सोपी आहे. मुख्य शिल्लक पाहा. ती वर्गणीपेक्षा जास्त आहे आणि दोन दिवस होऊनही वर्गणी कापली गेली नाही, तर दोष पैशांचा नाही, वाट अडलेली आहे. अशा वेळी आणखी टॉप-अप टाकण्यात अर्थ नाही. शिल्लक कंपनीच्या ॲपमध्ये 'Main Balance' किंवा 'Talktime' अशा नावाने दिसते. ॲप नसेल तर दुकानदाराकडून तोच आकडा पाहून घ्या. 'Validity' किंवा 'Data' यांपुढचा आकडा पाहून समाधान मानू नका.

वाट कशी अडते? पहिली गोष्ट, मुदतीची. पॅकची मुदत संपली आणि बाहेर फोन जाणे बंद झाले, की मुख्य शिलकीत पैसे असले तरी ते पडून राहतात. आधी मुदतीचा पॅक मारावा लागतो, मग ती शिल्लक उपयोगी पडते. म्हणजे काहींना पॅकही लागतो आणि टॉप-अपही.

दुसरी गोष्ट, पूर्वी केलेल्या बंदीची. नको असलेल्या कॉलरट्यून, राशिभविष्य, क्रिकेटच्या सेवा सुरू होऊन पैसे जाऊ लागले म्हणून आपणच, किंवा घरातल्या मुलाने, कधीतरी फोन करून "या नंबरवर असल्या सेवाच बंद करा" असे सांगितलेले असते. ती बंदी हव्या असलेल्या सेवेलाही लागू होते. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून अशी बंदी आहे का, एवढेच आधी विचारावे.

तिसरी गोष्ट, सिम कोणाच्या नावावर आहे याची. एखाद्या संस्थेने किंवा कंपनीने गटाने घेतलेले सिम तुमच्या हातात असेल, तर त्यावर बाहेरच्या खरेदीला बंदी असू शकते. ती उठवण्याचा अधिकार ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याचा, वापरणाऱ्याचा नाही. अशा सिमवर सेवा घेण्याच्या भानगडीत पडू नये.

चौथी गोष्ट, कंपनी बदलल्याची. रेंज मिळत नाही म्हणून नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, की जुन्या कंपनीकडची उरलेली शिल्लक बुडते आणि तिच्यामार्फत चाललेली वर्गणीही तुटते. नवीन कंपनीचा त्या सेवेशी करार असेलच असे नाही. म्हणून कंपनी बदलण्याआधी शिल्लक वापरून संपवावी आणि नंतर सेवा नव्याने घ्यावी. दोन सिमांचा फोन असेल तर वर्गणी कोणत्या सिमवर आहे तेही पाहावे. टॉप-अप एका सिमवर आणि वर्गणी दुसऱ्यावर, असाही घोळ होतो.

पुष्कळ जण विचारतात, "मी डीएनडी करून ठेवले आहे, त्याने अडले का?" डीएनडीची नोंद १९०९ या क्रमांकावर होते आणि ती जाहिरातींचे फोन व संदेश थांबवण्यासाठी असते. तुम्ही स्वतः संमती देऊन घेतलेली सेवा ही जाहिरात नव्हे. तेव्हा केवळ डीएनडीमुळे वर्गणीची वसुली फसत नाही.

आता उलट बाजू. आपल्या सिमवर कोणकोणत्या सेवा लागल्या आहेत हे आधी पाहिले पाहिजे, कारण पुष्कळदा हवी असलेली वर्गणी फसते ती नको असलेल्या वर्गणीने शिल्लक खाल्ल्यामुळे. त्यासाठी सर्व कंपन्यांना एकच निःशुल्क क्रमांक ठेवावा लागतो, तो १५५२२३. त्यावर STOP असा संदेश पाठवा किंवा फोन करा. चालू सेवा कळतात आणि नको असलेली बंद करता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, यांनी २०१३ साली असा आदेश दिला आहे की कोणतीही सशुल्क सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घेतली पाहिजे. तुम्ही हो म्हटलेले नसताना पैसे गेले असतील, तर ते परत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

तक्रार करायची झाली तर १९८ हा क्रमांक लावा. हाही निःशुल्क आहे. तक्रार नोंदली की एक तक्रार क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा, तारीखही लिहा. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते, आणि तेथे तो क्रमांक विचारला जातो. पैसे कुठे गेले हे समजत नसेल, तर प्रीपेड ग्राहकालाही खर्चाचा तपशील मागता येतो. त्यासाठी कंपनीला जास्तीत जास्त ५० रुपये घेता येतात. १० रुपयांच्या वादासाठी ५० रुपये घालवू नका, पण महिनोन्‌महिने पैसे गळत असतील तर हा खर्च परवडतो.

बंदी उठवण्यासाठी कोणाचा फोन आला आणि ओटीपी मागितला, तर देऊ नका. बंदी उठवायची ती आपण स्वतः ग्राहक सेवेला फोन लावून किंवा कंपनीच्या दुकानात जाऊन.

मग करायचे काय? हंगामभर लागणारी सेवा असेल आणि ती देणारा यूपीआयने किंवा एकदम वर्षाचे पैसे घेत असेल, तर तीच रीत बरी. यूपीआयवर ठरवून दिलेली वर्गणी ॲपमध्ये दिसते आणि तेथूनच थांबवता येते, मात्र बँकेच्या खात्यात पैसे हवेत. सिममधूनच द्यायची असेल तर वर्गणीची तारीख दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा आणि दोन दिवस आधी मुख्य शिल्लक पाहा. ३० ची वर्गणी असेल तर ४० च्या आसपास शिल्लक ठेवा.

आणि सेवा बंद पडली म्हणून काम अडू देऊ नका. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक निःशुल्क आहे. सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत तेथे मराठीत बोलता येते, आणि त्यासाठी मुख्य शिलकीत एक पैसाही लागत नाही. हळदीची गाडी भरण्याआधी बाजार समितीत एक फोन करून त्या दिवशीचा भाव विचारा. वर्गणीचा संदेश चालू असला तरी हे विचारणे सोडू नये, कारण संदेशातला भाव हा साधारण भाव असतो. आपल्या मालाचा भाव मात्र त्याच्या रंगावर, पॉलिशवर आणि ओलीवर बोलीच्या वेळी ठरतो.

आता पाहण्याचा क्रम पुन्हा सांगतो. सेवा बंद पडली की पहिल्यांदा मुदत पाहा. मग मुख्य शिल्लक पाहा. कमी असेल तर जमा होणारी रक्कम धरून एकच पुरेसा टॉप-अप टाका. पुरेशी असूनही दोन दिवसांत वर्गणी गेली नाही तर आणखी पैसे न टाकता ग्राहक सेवेला विचारा, "माझ्या नंबरवर अशा सेवांना बंदी आहे का?" आणि महिन्यातून एकदा १५५२२३ वर नको असलेल्या सेवा तपासा. हे पत्रक रिचार्जच्या वहीत ठेवा, दुकानात जाताना उपयोगी पडेल.